‘टु अव्हॉइड डायल्यूशन’, पण विरळ काय होतं?

फेब्रुवारीच्या सुरुवातीला बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी मी एका कनिष्ठ महाविद्यालयात एक्स्टर्नल म्हणून गेले होते. दुपारच्या बॅचमध्ये एका मुलीचं टायट्रेशन मी सुरुवातीपासून पाहत होते. ब्युरेटमध्ये पोटॅशियम परमँगनेट, फ्लास्कमध्ये पिपेटने घेतलेलं १० मिली ऑक्झॅलिक ॲसिड, त्यात एक टेस्ट ट्यूब विरळ सल्फ्युरिक ॲसिड, मग वाफा दिसेपर्यंत गरम करायचं आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत थेंब थेंब सोडायचं. हात अगदी स्वच्छ चालत होते. पायलट रीडिंग झालं, मग तिन्ही रीडिंग १०.० आली. सी.बी.आर., म्हणजे कायम आलेलं ब्युरेट रीडिंग, १०.० मिली. ऑक्झॅलिक ०.०५ मोलर होतं, त्यावरून परमँगनेट ०.०२ मोलर निघत होतं, आणि बाटलीत तेच होतं. प्रयोगाचे पूर्ण गुण मी तिथेच लिहिले.

तोंडी परीक्षेला ती समोर आली तेव्हा मी सगळ्यात सोपा म्हणून प्रश्न विचारला, ब्युरेट आणि पिपेट वापरायच्या आधी त्याच द्रावणाने का खळखळून घेतात? उत्तर क्षणात आलं, इंग्रजीत, ठाम आवाजात: “टु अव्हॉइड डायल्यूशन, मॅडम.”

उत्तर बरोबर आहे. जर्नलच्या शेवटी छापलेल्या प्रश्नोत्तरांत जवळजवळ याच शब्दांत असतं. शेजारी बसलेले इंटर्नल सर पुढच्या मुलाला हाक मारायच्या तयारीत होते. मी आणखी एक विचारलं. “आणि कॉनिकल फ्लास्क?”

“तोही, मॅडम. ऑक्झॅलिक ॲसिडने.”

“तू मघाशी कशाने धुतलास?”

ती थांबली. “पाण्याने.”

“मग तुझी रीडिंग?”

“चुकली असतील, मॅडम.”

सव्वा तास उभं राहून मिळवलेली, अगदी बरोबर असलेली रीडिंग तिने स्वतःच्या तोंडाने चूक ठरवली. मी तिला म्हटलं, घाई करू नकोस, मराठीत सांग. पाण्याने धुतलेल्या ओल्या फ्लास्कमुळे नक्की काय बिघडलं? ती म्हणाली, ऑक्झॅलिक विरळ झालं. मी विचारलं, मग त्यात तू टेस्ट ट्यूब भरून विरळ सल्फ्युरिक ॲसिड ओतलंस, त्यात बहुतेक पाणीच होतं, त्याने नाही का ते विरळ झालं? ते तर तू मापूनही घेतलं नव्हतंस. तरी तिन्ही रीडिंग सारखी कशी आली?

यावर तिच्याकडे काही नव्हतं. त्या प्रश्नाचे गुण मी दिले नाहीत.

बॅच संपल्यावर इंटर्नल सरांनी हरकत घेतली, आणि ती गंभीरपणे घ्यावी अशीच होती. ते म्हणाले, “मॅडम, विचारलं होतं ब्युरेट-पिपेटबद्दल. त्याचं उत्तर तिने बरोबर दिलं. फ्लास्कचा प्रश्न वेगळा. त्याच्यासाठी पहिल्या उत्तराचे गुण का कापायचे?” मला वाटतं, आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेचा सगळा प्रश्न या एका हरकतीत आहे. फ्लास्कचा प्रश्न खरंच वेगळा असता तर सरांचं बरोबर होतं. पण तो वेगळा नाही. पहिल्या उत्तराचाच तो राहिलेला अर्धा भाग आहे. कसा, ते आधी रसायनशास्त्रातच बघितलं पाहिजे, म्हणजे गुणांचा निवाडा हवेत राहणार नाही.

टायट्रेशनमध्ये आपण मोजतो काय? फ्लास्कमध्ये ऑक्झॅलिक ॲसिड एकूण किती आहे, ते. ते किती दाट आहे, हे नाही. ०.०५ मोलरचं १० मिली म्हणजे ०.५ मिलिमोल ऑक्झॅलिक. त्याचे पाच रेणू खपवायला परमँगनेटचे दोन लागतात, म्हणजे ०.२ मिलिमोल परमँगनेट हवं. ०.०२ मोलर परमँगनेटच्या १० मिलीत तेवढंच असतं. म्हणून रीडिंग १०.०. आता फ्लास्कमध्ये आधीच चमचाभर पाणी असेल, किंवा तुम्ही वॉश बॉटलने बाजूला उडालेले थेंब खाली धुऊन घेतले, तर ऑक्झॅलिक ०.५ मिलिमोलच राहतं. आणखी १० मिली पाणी घाला: दाटपणा निम्मा होतो, आकारमान दुप्पट होतं, गुणाकार तिथेच. पोहे एका ताटात असोत की दोन ताटांत पसरलेले, खाणाऱ्याला तेवढेच मिळतात.

आता तोच फ्लास्क तिने सांगितल्याप्रमाणे ऑक्झॅलिकने धुतला असता तर? धुऊन उपडा केला तरी काचेला काही द्रावण चिकटून राहतं. समजा अर्धा मिली राहिलं. त्यावर पिपेटने १० मिली टाकलं की फ्लास्कमध्ये साडेदहा मिलीचं ऑक्झॅलिक झालं आणि रीडिंग १०.५ आलं. त्यावरून हिशेब केला तर परमँगनेट ०.०१९ मोलर निघतं, म्हणजे बाटलीतल्या द्रावणाला आपण पाच टक्के कमजोर ठरवलं. ज्या कृतीला ती काळजी समजत होती, त्याच कृतीने चूक आत आली असती.

ब्युरेट आणि पिपेट यांची गोष्ट निराळी का, तेही यातच आहे. ही दोन्ही भांडी द्रावण आकारमानाने मोजून देतात, आणि ‘इतक्या मिलीत इतकं’ हा भरवसा धरूनच आपण ती वापरतो. पिपेटमध्ये ०.२ मिली पाणी राहिलं असेल तर खुणेपर्यंत भरलेल्या १० मिलीत ऑक्झॅलिक ९.८ मिलीचंच येतं आणि रीडिंग ९.८ दिसतं. ब्युरेटमध्ये ५० मिलीत १ मिली पाणी राहिलं तर परमँगनेट ०.०२ ऐवजी ०.०१९६ होतं आणि रीडिंग १०.२ पर्यंत जातं. पिपेट ओली तर रीडिंग कमी, ब्युरेट ओली तर जास्त, फ्लास्क ओला तर काहीच फरक नाही. पाणी एकच आणि परिणाम तीन. ज्याला ‘डायल्यूशन टाळायचं’ एवढंच ठाऊक आहे त्याला हे तीन परिणाम वेगळे करता येत नाहीत, कारण त्याच्या नियमात भांड्याचं काम काय याचा उल्लेखच नाही.

म्हणून मी सरांना म्हणाले, ‘डायल्यूशन टाळण्यासाठी’ हे उत्तर बरोबर आहे की चूक, हे ते एकटं ऐकून ठरवता येत नाही. ते दोन अगदी वेगळ्या समजुतींतून येऊ शकतं. एका मुलाच्या मनात असतं, मोजून देणाऱ्या भांड्यात पाणी राहिलं तर मोजमाप खोटं पडतं. दुसऱ्याच्या मनात असतं, पाणी मिसळलं की द्रावण बिघडतं. दोघांच्या तोंडी शब्द तेच. फ्लास्कपाशी आल्यावर मात्र पहिला म्हणतो ‘पाण्याने’ आणि दुसरा म्हणतो ‘ऑक्झॅलिकने’. मुलीची समजूत पहिल्या उत्तराच्या वेळीही ही दुसरीच होती. फ्लास्कच्या प्रश्नाने ती फक्त दिसू लागली. गुण कापले ते पहिलं वाक्य बोलताना जे मनात होतं त्याबद्दल.

इथे मला भाषेबद्दलही एक गोष्ट सांगायची आहे. ‘टु अव्हॉइड डायल्यूशन’ या तीन शब्दांत काय विरळ होतं ते नाही, कुठे होतं ते नाही आणि त्याने काय बिघडतं तेही नाही. मराठीत हेच सांगायला गेलात तर ‘विरळ होऊ नये म्हणून’ एवढ्यावर वाक्य उभं राहत नाही. ऐकणारा लगेच विचारतो, काय विरळ होऊ नये म्हणून? दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं अकरावीत आली की सहा महिन्यांत अशी कर्ता नसलेली इंग्रजी वाक्यं गोळा करू लागतात, आणि आम्ही शिक्षकच त्यांना ती पुरवतो. ती वाक्यं परीक्षेत चालतात, कारण त्यांच्यापुढे कोणी काही विचारत नाही. परीक्षकाने मराठीत पुढचा प्रश्न विचारायला आणि मराठीत उत्तर घ्यायला काही अडचण नाही. विज्ञान इंग्रजीत शिकवलं जातं म्हणून समजही इंग्रजीतच दाखवली पाहिजे असा आग्रह धरणारे परीक्षक मी पाहिले आहेत. त्यांना हातात घोकलेलं वाक्य मिळतं आणि त्यावर ते समाधान मानतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिन्ही रीडिंग सारखी आली म्हणजे प्रयोग बरोबर, हाही असाच एक समज आहे आणि तोही पुढच्या प्रश्नाशिवाय उघडा पडत नाही. ब्युरेट ओली असताना भरली तर पहिल्या रीडिंगलाही १०.२ येईल आणि तिसऱ्यालाही. एकाच चुकीची तीन वेळा आवृत्ती निघते आणि सी.बी.आर. निष्कलंक दिसतो. उलट फ्लास्क दर वेळी ऑक्झॅलिकने धुतला तर कधी अर्धा मिली राहील, कधी पाव, आणि रीडिंग १०.५, १०.२, १०.४ अशी इकडेतिकडे जातील. म्हणजे रीडिंग एकमेकांशी जुळत नसतील तर आधी फ्लास्ककडे बघायचं, आणि जुळत असूनही बाटलीवरच्या आकड्याशी जुळत नसतील तर ब्युरेटकडे. मुलांच्या बाकावर बसून रीडिंग तपासणाऱ्या लॅब असिस्टंटना हे अनुभवाने ठाऊक असतं. तोंडी परीक्षेत ते कोणी विचारत नाही.

पण मीही माझ्या मुद्द्याच्या मर्यादेपाशी थांबलं पाहिजे. ‘फ्लास्कमध्ये पाणी चालतं’ हे वाक्य घोकलं तर तेही तितकंच पोकळ आहे. ग्लासभर पाणी ओतलं तर द्रावण थंड होईल आणि परमँगनेटचा रंग जायला वेळ लागेल. सल्फ्युरिक ॲसिड फार विरळ झालं तर परमँगनेटचं पूर्ण क्षपण न होता तपकिरी मँगनीज डायऑक्साइड दिसू लागेल आणि मग रीडिंगला अर्थच उरणार नाही. शिवाय द्रावण जितकं जास्त तितका शेवटचा गुलाबी रंग डोळ्याला दिसायला एखादा थेंब जास्त लागतो, आणि थेंब म्हणजे सुमारे ०.०५ मिली. त्या मुलीने मला ‘पाण्याने’ असं उत्तर दिलं असतं तरी मी विचारणार होते, कितीही पाणी चालेल का? गुण तिथे कापायचे नव्हते. मला बघायचं होतं ती उत्तराच्या कडेपर्यंत जाते का.

पुढचा प्रश्न कोणता असावा, यावर बरंच काही अवलंबून आहे. याच प्रयोगात परीक्षक विचारतात, फ्लास्क गरम का केला? उत्तर येतं, अभिक्रिया मंद आहे म्हणून. यावर कोणी विचारलं की परमँगनेटचा प्रमाण क्षपण विभव किती, तर तो पुढचा प्रश्न दिसतो, पण तो आठवणीचा आणखी एक प्रश्न आहे, मुलाने १.५१ व्होल्ट सांगितलं तरी पहिल्या उत्तराबद्दल आपल्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं विचारा: पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ लागला आणि नंतरच्या थेंबांचा पटकन गेला, हे तू पाहिलंस ना? त्या वेळेपर्यंत तर फ्लास्क थंड होत आला होता. मंद अभिक्रिया थंड होताना वेगवान कशी झाली? आता मुलाला त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला सामोरं जावं लागतं. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयन तिलाच उत्प्रेरक म्हणून उपयोगी पडतात हे त्याला सांगता आलं तर उत्तम. नाही आलं, पण ‘म्हणजे फ्लास्कमध्ये तयार झालेलं काहीतरी मदत करत असणार’ इतकं तो बोलला, तर मी पूर्ण गुण देईन. ते पुस्तकात नाही, ते त्याने त्या क्षणी निरीक्षणावरून काढलं आहे.

या पद्धतीविरुद्ध तीन गोष्टी सांगितल्या जातात, आणि त्यांतल्या दोन मला टोचतात. पहिली, वेळ. एका बॅचला वीस-पंचवीस मुलं, तीन तास, त्यात प्रयोग, जर्नल, गुणतक्ते. एका मुलाच्या वाट्याला तोंडीची दोन-तीन मिनिटं येतात. माझं म्हणणं, तेवढ्यात पाच प्रश्नांची पाच तयार उत्तरं ऐकण्यापेक्षा एकच प्रश्न तीन पायऱ्यांनी विचारावा. वर दिलेला संवाद सगळा मिळून दीड मिनिटाचा होता.

दुसरी हरकत घाबरण्याची. मूल एक्स्टर्नलसमोर आधीच थरथरत असतं, उलट प्रश्न आला की त्याला वाटतं आपलं चुकलं, आणि बरोबर उत्तरही ते मागे घेतं. हे खरं आहे. माझ्यासमोरच्या मुलीने रीडिंग चुकली असतील असं म्हटलं त्यात समज किती आणि भीती किती, याचा विचार मी त्या रात्री बराच केला. म्हणूनच सल्फ्युरिक ॲसिडचा तिसरा प्रश्न आवश्यक होता. तो तिला परत येण्याची वाट देत होता: तुझ्याच फ्लास्कमध्ये पाणी होतं आणि तुझीच रीडिंग जुळली, आता काय म्हणतेस? भीतीने उत्तर मागे घेतलेलं मूल इथे सावरतं, चेहऱ्यावरच दिसतं. मी असं सावरताना मुलांना पाहिलं आहे, आणि तेव्हा पूर्ण गुण दिले आहेत. ही वाट न देता पहिल्या अडखळण्यावर गुण कापणारा परीक्षक अन्याय करतो.

तिसरी हरकत समानतेची. एका केंद्रावर कडक परीक्षक, दुसऱ्यावर सगळ्यांना अठ्ठावीस-एकोणतीस. यावर माझं उत्तर आहे की हा अन्याय पुढच्या प्रश्नाने निर्माण केलेला नाही, तो आजही आहे, फक्त सगळे वरच्या अंगाला गोळा झाल्यामुळे दिसत नाही. लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३० अशी बारावीची वाटणी आहे. हे ३० गुण जवळजवळ सगळ्यांना सारखेच मिळत असतील तर त्यांनी काही मोजलं असं म्हणता येत नाही. मंडळाला खरोखर समानता हवी असेल तर प्रत्येक प्रयोगासोबत परीक्षकाला तीन-चार प्रश्नसाखळ्या छापून द्याव्यात: पहिला प्रश्न, त्यावर अपेक्षित उत्तर, मग मुलाच्या स्वतःच्या निरीक्षण तक्त्याशी जोडलेला पुढचा प्रश्न, आणि सावरण्याची वाट देणारा तिसरा. पहिल्या उत्तराला गुण ठेवूच नयेत. ते फक्त दार उघडण्यापुरतं असावं. साखळ्या फुटतील, पुढच्या वर्षी त्याही जर्नलमागे छापून येतील, हे मला माहीत आहे. पण ‘फ्लास्क कशाने धुतलास आणि तुझं रीडिंग किती आलं’ याचं उत्तर प्रत्येकाच्या तक्त्यातून येतं, आणि तक्ता त्या दिवशीच लिहिलेला असतो.

काही पालक विचारतात, प्रवेश तर जेईई, नीट, सीईटीवर; मग प्रात्यक्षिकाचा एवढा खल कशाला? जेईई मेनच्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक रसायनशास्त्राचा स्वतंत्र घटक आहे आणि त्यात ऑक्झॅलिक ॲसिड विरुद्ध परमँगनेट हे टायट्रेशन नावानिशी आहे. म्हणजे विषय तिथेही चुकत नाही. पण चार पर्यायांतला एक निवडला की तिथे पुढचा प्रश्न येत नाही. त्या मुलीला ‘ब्युरेट द्रावणाने का धुतात’ असा बहुपर्यायी प्रश्न आला असता तर तिने बरोबर पर्याय निवडला असता, आणि तिची समजूत तशीच राहिली असती. पुढे बी.एस्सी.ला किंवा एखाद्या औषध कंपनीच्या गुणवत्ता प्रयोगशाळेत ती हाच फ्लास्क नमुन्याच्या द्रावणाने धुऊन घेईल, प्रत्येक बॅचचा निकाल जरा जास्त दाखवेल, आणि विचारल्यावर ठामपणे सांगेल की डायल्यूशन टाळण्यासाठी.

इंटर्नल सरांना माझं म्हणणं पूर्ण पटलं नाही. ते म्हणाले, मुलीचा दोष नाही, आम्ही तिला असंच शिकवलं. हे मात्र मला पूर्ण पटलं, आणि मी माझ्या महाविद्यालयात परतल्यावर अकरावीच्या पहिल्या टायट्रेशनमध्ये एक बदल केला. अकरावीला ऑक्झॅलिक ॲसिड आणि सोडियम हायड्रॉक्साइड असतं. आता जोडीतला एक जण फ्लास्क पाण्याने धुतो, दुसरा मुद्दाम ऑक्झॅलिकने, आणि दोघं रीडिंग फळ्यावर लिहितात. गेल्या जुलैत फळ्याच्या एका बाजूला सगळी रीडिंग १०.० आणि १०.१ होती, दुसऱ्या बाजूला १०.२ पासून १०.७ पर्यंत पसरलेली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, म्हणजे आम्ही फ्लास्कमध्ये जास्तीचं ॲसिड विसरलो होतो.” मी त्याला विचारलं, मग ब्युरेट पाण्याने धुतली असती तर आकडा कुठल्या बाजूला गेला असता? तो फळ्याकडे बघत उभा राहिला, आणि वर्गातली बाकीची मुलं एकमेकांशी वाद घालू लागली.